शंका नेमकी कशाबद्दल आहे, ते लिहा

प्रश्न: मी मुंबईत समाजविज्ञानात पीएच.डी. करते आहे, प्रबंध मराठीत आहे. पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत मी २४० स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या जणींच्या घराला एकही खिडकी नाही, निम्म्या जणींच्या घराला आहे. खिडकी नसलेल्या १२० पैकी ३६ जणींना आणि खिडकी असलेल्या १२० पैकी २१ जणींना तीन आठवड्यांहून जास्त काळ खोकला होता. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘खिडकी नसल्यामुळे खोकला होतो हे सिद्ध झाले.’ सर म्हणाले, फार धाडसी आहे, सौम्य करा. मग मी सगळीकडे ‘कदाचित’ आणि ‘शक्यता’ घातलं. त्यावरचा लेख नियतकालिकाला पाठवला, तर समीक्षकांचा शेरा आला, ‘लेखिकेला काय म्हणायचे आहे ते कळत नाही.’ आता प्रत्येक वाक्यापाशी अडते. किती ठाम लिहायचं याचं काही प्रमाण असतं का?
— एक संशोधक विद्यार्थिनी

*(ओळख पटू नये म्हणून वस्तीचं नाव गाळलं आहे आणि आकडे थोडे बदलले आहेत.)*

उत्तर: पत्रासोबत तुम्ही निष्कर्षाच्या प्रकरणाचे दोन्ही मसुदे, प्रश्नावली, क्षेत्र-नोंदी आणि धूम्रपानाचा तक्ता पाठवलात, हे फार बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मला एवढं नेमकं बोलता आलं नसतं.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, आधी त्याच्याकडे बघू. ठामपणाची एकच पातळी असते, ती एकदा बरोबर ठरवली की सगळं प्रकरण त्या पातळीवर लिहिता येतं, असं तुम्ही धरून चालला आहात. ‘सौम्य करा’ हे सरांचं म्हणणं तुम्ही तसंच घेतलंत आणि सगळीच वाक्यं सारखी मऊ केलीत. पण एका संशोधनात बरेच वेगवेगळे दावे असतात आणि प्रत्येकाबद्दलची शंका वेगळी असते. काहींबद्दल तर शंका नसतेच. तिथे ‘कदाचित’ लिहिणं ही नम्रता नाही, ती चुकीची माहिती आहे.

तुमच्या दुसऱ्या मसुद्यातलं हे वाक्य पाहा: ‘खिडकी नसलेल्या घरांतील स्त्रियांमध्ये खोकल्याचे प्रमाण काही अंशी जास्त असण्याची शक्यता कदाचित नाकारता येणार नाही.’ यात शंकेच्या चार छटा आहेत: ‘काही अंशी’, ‘शक्यता’, ‘कदाचित’ आणि ‘नाकारता येणार नाही’. आता मला सांगा, शंका कशाबद्दल आहे? १२० पैकी ३६ जणींनी खोकला असल्याचं तुम्हाला सांगितलं, हे तुम्ही स्वतः मोजलं आहे. दुसऱ्या गटात २१ जणींनी सांगितलं. म्हणजे ३० टक्के आणि साडेसतरा टक्के. त्या स्त्रियांनी ते सांगितलं, यात कसलीही शक्यता-बिक्यता नाही. हे वाक्य सरळ ‘आढळले’ म्हणून लिहायचं. समीक्षकांना काय कळलं नाही, ते इथे आहे. मोजलेली गोष्टसुद्धा तुम्ही धूसर केलीत, त्यामुळे खरी धूसर गोष्ट कोणती हे ओळखायला त्यांच्याकडे काही उरलं नाही.

पहिली खरी शंका फरकाच्या आकाराबद्दल आहे. तुमच्या २४० जणींत साडेबारा टक्क्यांचा फरक दिसला. वस्तीतल्या वेगळ्या २४० जणी निवडल्या असत्या तर तो किती दिसला असता? तुमच्या आकड्यांवरून ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण २ टक्क्यांपासून २३ टक्क्यांपर्यंत येतो. म्हणजे खिडकी असलेल्या आणि नसलेल्या घरांतला खरा फरक अगदी नगण्यही असू शकेल किंवा तुम्हाला दिसला त्याच्या जवळपास दुप्पटही. ‘काही अंशी जास्त’ या शब्दांतून वाचकाला यातलं काहीच कळत नाही. इथे शंका शब्दांत मांडूच नका, आकडाच द्या: ‘फरक १२.५ टक्के (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.८ ते २३.२)’. मग वाक्यात ‘कदाचित’ची गरज उरत नाही, कारण किती अनिश्चितता आहे ते वाचकाच्या डोळ्यांसमोर आहे. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली एवढ्यावर तुम्ही पहिल्या मसुद्यात ‘सिद्ध झाले’ लिहिलं होतं. इंटरव्हलचं खालचं टोक शून्याच्या इतकं जवळ असताना तो शब्द टिकत नाही.

आता कारणाचा दावा. सर जिथे थबकले ती जागा हीच, आणि ते बरोबर थबकले. ‘खिडकी नसल्यामुळे’ लिहिलं की खोकल्याचं कारण खिडकी नसणं हेच, असा दावा होतो. तुमची पाहणी एकाच वेळी, एकाच भेटीत झालेली आहे. अशा पाहणीत दोन गोष्टी सोबत आढळल्या एवढं कळतं, एकीमुळे दुसरी झाली का ते थेट कळत नाही. पण म्हणून ‘कदाचित खिडकी नसल्यामुळे’ असं लिहिलं की काम भागलं, असंही नाही. तुमच्या दुसऱ्या मसुद्यात नेमकं हेच झालं आहे. कारणाचा दावा तसाच राहिला, फक्त तो हळू आवाजात केला. कोणत्या कारणासाठी शंका आहे ते वाचकाला सांगायला हवं. त्यासाठी आधी ते तुम्हाला शोधावं लागेल, आणि त्यातलं बरंचसं तुमच्याच कागदांत आहे.

वस्तीतली बिनखिडकीची घरं कोणती, हे तुमच्या क्षेत्र-नोंदींत छान आलं आहे. तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या सामायिक भिंती, उजेड येतो तो फक्त दारातून. या घरांचं भाडं कमी. म्हणजे तिथे राहणारी कुटुंबं जास्त गरीब असणार, आणि घरात विडी-सिगारेट ओढणारं माणूस असण्याचं प्रमाणही तिथे वेगळं असेल. प्रश्नावलीत धूम्रपानाचा प्रश्न आहे, पण प्रकरणात तो कुठेच वापरलेला नाही. तुमच्या तक्त्यावरून मी गट पाडून पाहिले. बिनखिडकीच्या १२० घरांपैकी ५० घरांत कोणीतरी ओढतं, खिडकी असलेल्यांपैकी फक्त ३५ घरांत. म्हणजे शंका रास्त होती. पण कोणीही ओढत नाही अशीच घरं घेतली, तरी ७० पैकी १८ आणि ८५ पैकी १२ जणींना खोकला आहे, फरक साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. ओढणाऱ्यांच्या घरांत ५० पैकी १८ आणि ३५ पैकी ९, फरक दहाच्या थोडा वर. दोन्ही गट एकत्र तोलले तर फरक १२.५ वरून सुमारे ११ वर येतो. म्हणजे घरातल्या धुरामुळे फरकाचा थोडासाच भाग समजतो, उरलेला तसाच राहतो.

यातून दाव्याची ताकद कशी बदलली ते बघा. आता तुम्ही म्हणू शकता, ‘घरातील धूम्रपान विचारात घेतल्यावरही फरक जवळपास तेवढाच राहिला.’ हे ठाम वाक्य आहे आणि तुमच्या हक्काचं आहे, कारण ते तुम्ही तपासलं आहे. त्याच्या पुढच्या वाक्यात, जे तपासलेलं नाही ते तेवढ्याच ठामपणे सांगा: उत्पन्न, भिंतींची ओल आणि डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइल यांची नोंद पाहणीत नव्हती. ‘इतर अनेक घटक असू शकतात’ हे जे वाक्य आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असतं, ते काढून टाका. घटकांची नावं घेतली की मर्यादा कळते. नावं घेतली नाहीत तर ते नुसतं अंग काढून घेणं होतं.

आता एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण ती तुमच्या पाहणीला फार जवळची आहे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये न ओढणारे फक्त २ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर आजारांच्या ६४९ पुरुषांमध्ये २७. त्यांनाही कारण थेट दिसलेलं नव्हतं, त्यांच्यापुढेही फक्त मुलाखती होत्या. तरीही त्यांनी निष्कर्षात ‘कदाचित’चा ढीग घातला नाही. धूम्रपान हा हा रोग होण्यातला एक घटक आहे, आणि महत्त्वाचा घटक आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं.

हा ठामपणा आला कुठून? त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली, आणि दुसऱ्या कोणत्या वाटेने असा आकडा येऊ शकेल ते एकेक करून तपासलं. त्यातली एक वाट अशी: मुलाखत घेणारीला समोरच्याला कर्करोग आहे हे माहीत असेल, तर ती सिगारेटबद्दल जास्त खोदून विचारेल. मग त्यांनी असे रुग्ण वेगळे काढले, ज्यांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कर्करोग आहे असं समजलं गेलं होतं, पण नंतर तो नसल्याचं ठरलं. मुलाखतकारांच्या पूर्वग्रहानेच फरक पडला असता, तर या रुग्णांचं धूम्रपानही कर्करोगाच्या रुग्णांसारखंच नोंदलं गेलं असतं. तसं झालं नव्हतं, ते इतर रुग्णांसारखंच निघालं. मग ती शंका निकालात निघाली. आणि त्याच निबंधात, धुरातल्या नेमक्या कोणत्या द्रव्याने कर्करोग होतो याबद्दल आपल्याकडे पुरावा नाही, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छ शब्दांत सांगितलं. एकाच निबंधात ‘महत्त्वाचा घटक आहे’ आणि ‘याचा पुरावा नाही’ अशी दोन्ही विधानं आहेत, आणि दोन्ही बिनदिक्कत केलेली आहेत.

तुमच्याकडेही मुलाखतकाराचा हाच प्रश्न आहे. तुम्ही आणि तुमची मैत्रीण घरात बसून प्रश्न विचारत होता. खिडकी नाही हे तुम्हाला समोर दिसत होतं, आणि खिडकीचा खोकल्याशी संबंध असणार हा तुमचा अंदाजही तुम्हाला ठाऊक होता. बिनखिडकीच्या खोलीत ‘खोकला येतो का हो?’ हा प्रश्न नकळत दोनदा विचारला गेला असेल का? आणि त्या ताईंनाही आपल्या कोंदट घराबद्दल कोणीतरी विचारायला आलंय हे कळल्यावर, प्रत्येक त्रास जास्त सांगावासा वाटला असेल का? हे तपासायला तुमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न आधीच आहे: गुडघेदुखी. गुडघेदुखीचा खिडकीशी काही संबंध असायचं कारण नाही. तिचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं असेल, तर ‘सगळेच त्रास वाढवून सांगितले गेले’ ही शंका बरीच कमी होते आणि तसं तुम्ही लिहू शकता. बिनखिडकीच्या घरांत गुडघेदुखीही ठळकपणे जास्त निघाली, तर खोकल्याच्या फरकातला काही भाग सांगण्यातूनच आला आहे असं मानावं लागेल, आणि निष्कर्ष खरोखरच खाली आणावा लागेल. त्या वेळी सौम्य शब्दांना कारण असेल. हा तक्ता तुम्ही मला पाठवलेला नाही. प्रकरणाचा तिसरा मसुदा लिहायला बसण्याआधी तो काढाच.

आता तुमच्या दुसऱ्या मसुद्यातलं एक वाक्य, जे सरांच्या किंवा समीक्षकांच्या नजरेतून सुटलं आहे. एवढ्या सगळ्या मऊ वाक्यांमध्ये तुम्ही लिहिता: ‘खिडकी आणि छातीतील घरघर यांचा संबंध नाही.’ प्रकरणातलं सर्वांत धाडसी वाक्य हे आहे. नकारार्थी असल्यामुळे ते सावध वाटतं, एवढंच. घरघर १४ जणींना विरुद्ध ९ जणींना होती, फरक सुमारे ४ टक्के. कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो उणे ३ पासून अधिक साडेअकरापर्यंत जातो. म्हणजे अजिबात फरक नसणं या आकड्यांशी जुळतं, आणि साडेअकरा टक्क्यांचा फरक असणंही जुळतं, जो तुमच्या खोकल्याच्या फरकाच्या जवळपास आहे! २४० जणींच्या पाहणीत इतक्या कमी आढळणाऱ्या तक्रारीतला फरक पकडता येत नाही, एवढाच याचा अर्थ. तिथे लिहा: ‘घरघरीबाबत या पाहणीतून संबंध आहे किंवा नाही, काहीच ठरवता येत नाही.’ डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली याच चुकीवर एक छोटं टिपण लिहिलं होतं: पुरावा न मिळणं म्हणजे ती गोष्ट नसल्याचा पुरावा नव्हे. तरीही ही चूक रोज होते, आणि ‘सौम्य करा’ असा सल्ला मिळाला की जास्तच होते, कारण सगळ्यांचं लक्ष फक्त ‘आहे’ म्हणणाऱ्या वाक्यांकडे जातं.

निष्कर्ष कोणाला लागू, याबद्दल थोडक्यात. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही ‘मुंबईतील झोपडपट्ट्यांमधील स्त्रिया’ म्हणता. यादी महिला मंडळाकडून घेतली, घरभेटी सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये झाल्या आणि पाहणी जुलै-ऑगस्टची. धुणीभांड्यांना किंवा कारखान्यात जाणाऱ्या बायका त्या वेळी घरी नसतात. आणि मुंबईच्या पावसाळ्यात खिडकी असलेल्या घरातही ती बंदच असते, भिंतींना ओल असते. इथेही ‘बहुधा’ वगैरे काही लागत नाही. ‘या वस्तीतील, पावसाळ्यात, दिवसा घरी भेटलेल्या स्त्रियांमध्ये’ असं लिहा. दावा लहान केला की तो ठाम करता येतो.

शिफारशीचं वाक्य, ‘घरांना खिडक्या दिल्यास खोकला कमी होईल’, काढा. खिडकी दिल्यावर काय झालं हे तुमच्या पाहणीत पाहिलेलं नाही. त्याऐवजी, जिथे पुनर्विकासात किंवा दुरुस्तीत खिडकी येणार आहे अशी घरं शोधून, आधी आणि नंतर त्याच स्त्रियांना विचारावं, अशी शिफारस करा. तुमच्या आकड्यांना तेवढं बळ नक्कीच आहे.

सगळं मिळून परिच्छेद साधारण असा होईल, गुडघेदुखीचा तक्ता तुमच्या बाजूने निघाला असं धरून:

‘या वस्तीत पावसाळ्यात, दिवसा घरी भेटलेल्या २४० स्त्रियांपैकी खिडकी नसलेल्या घरांतील ३० टक्के आणि खिडकी असलेल्या घरांतील १७.५ टक्के स्त्रियांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्याचे सांगितले (फरक १२.५ टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.८ ते २३.२). घरातील धूम्रपान विचारात घेतल्यावर फरक सुमारे ११ टक्के राहिला. गुडघेदुखीच्या प्रमाणात असा फरक आढळला नाही, त्यामुळे तक्रारी सरसकट वाढवून सांगितल्या गेल्या असण्याची शक्यता कमी वाटते. उत्पन्न, ओल आणि डासांच्या कॉइलचा वापर नोंदलेला नसल्याने हा फरक खिडकीच्या अभावाचाच परिणाम आहे असे या पाहणीवरून म्हणता येत नाही. घरघरीबाबत निष्कर्ष काढण्याइतका नमुना मोठा नव्हता.’

यात शंकेचे शब्द मोजा. ‘शक्यता कमी वाटते’ एकदाच आलं आहे, आणि ते अशा जागी आहे जिथे तुम्ही खरोखर अंदाज बांधत आहात, शिवाय त्या अंदाजाचं कारण त्याच वाक्यात आहे. बाकी सगळं सपाट विधान आहे. तरी पहिल्या मसुद्यापेक्षा हा परिच्छेद कितीतरी सावध आहे.

असंच अडलेल्या इतरांसाठी, आणि तुमच्या उरलेल्या प्रकरणांसाठी, मी स्वतः वापरते ती रीत सांगते. छापील मसुदा घ्यायचा आणि ‘कदाचित’, ‘शक्यता’, ‘असावे’, ‘काही प्रमाणात’, ‘सूचित होते’ अशा प्रत्येक शब्दाला गोल करायचा. प्रत्येक गोलापाशी समासात ‘का?’ लिहून उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं, उदाहरणार्थ ‘नमुना लहान’, ‘उत्पन्न विचारलं नाही’, तर ते उत्तरच वाक्यात घालायचं, मग गोलातला शब्द बहुतेक वेळा आपोआप गळतो. ‘सर रागावतील म्हणून’ यापलीकडे काही सुचलं नाही, तर शब्द खोडायचा. मग दुसऱ्या रंगाने ‘मुळे’, ‘परिणाम’, ‘सिद्ध’, ‘वाढला’, ‘घटला’, ‘संबंध नाही’ यांना चौकट करायची आणि प्रत्येक चौकटीपाशी विचारायचं, हे मी पाहिलं की मानलं? तुमच्या प्रकरणात ‘खोकला वाढला’ तीन ठिकाणी आहे. तुम्ही एकदाच मोजलंत, तेव्हा वाढताना काही पाहिलेलं नाही. तिथे ‘जास्त आढळला’ हवं.

गुणात्मक मुलाखतींवर काम करणाऱ्यांना कॉन्फिडन्स इंटरव्हल काढता येणार नाही, पण बाकी सगळं तसंच लागू आहे. ‘स्त्रियांना वाटते’ असं न लिहिता, किती जणींनी, कोणत्या प्रश्नावर, आपणहून की विचारल्यावर सांगितलं, ते लिहावं.

सरांकडे जाताना नवा परिच्छेद आणि धूम्रपानाचा तक्ता सोबत न्या. ‘सर, सौम्य केलं’ असं म्हणू नका, ‘कारणाचा दावा काढला, आणि का काढला ते लिहिलं’ असं सांगा. समीक्षकांना उत्तर देताना ‘भाषा सुधारली आहे’ एवढ्यावर भागवू नका. चार ओळींत लिहा: मोजलेल्या बाबी आता निःसंदिग्ध लिहिल्या आहेत, फरकासोबत इंटरव्हल दिला आहे, धूम्रपानानुसार विभागणी नव्याने जोडली आहे, आणि घरघरीबद्दलचं आधीचं विधान मागे घेतलं आहे. शेवटच्या मुद्द्याबद्दल त्यांनी काही विचारलेलं नाही, तरीही तो लिहा.